दोरी सुटल्यावर दगड बाहेर का जात नाही : सिद्धूची गोष्ट

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. दोरीला दगड बांधून फिरवताना हाताला बाहेरच्या बाजूला ओढ लागते, मग दोरी सुटल्यावर दगड बाहेर न जाता बाजूला सरळ का जातो, असं तो विचारतो. ‘जडत्वामुळे’ एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. त्याला सांगता येईल अशी एखादी छोटी गोष्ट आहे का?

उत्तर :

हाताला ओढ लागते हे खरं, आणि दगड त्या ओढीच्या दिशेने जात नाही हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, इथे मुलं अडतात. ‘जडत्व’ हा शब्द त्या अडचणीवर नुसतं झाकण ठेवतो. मी सोलापुरात पस्तीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं आणि या धड्याच्या तासाला पुढची गोष्ट सांगायचो. गोष्ट रचलेली आहे, सिद्धू नावाचा असा कुणी मुलगा नव्हता. त्याच्या चुका मात्र माझ्या वर्गातल्या पोरांनीच पुरवलेल्या आहेत. मध्ये मध्ये मी तुमच्याशी बोलेन, तेवढं मुलाला सांगताना गाळा.

तर, पूर्व भागातली एक गल्ली. दोन्ही बाजूंना यंत्रमागांची खडखड, दारादारांत टॉवेलचे गठ्ठे. मार्च संपत आलेला, परीक्षा दोन पेपरांवर आलेली आणि सिद्धू अंगणात उभा. मागावरचं वाया गेलेलं सूत चार पदरी पिळून त्याने दोरी केली होती, हातापासून दगडापर्यंत ऐंशी सेंटिमीटर भरेल एवढी. टोकाला छोट्या लिंबाएवढा दगड. समोरच्या पडक्या भिंतीवर तेलाचा रिकामा डबा ठेवलेला. दगड डोक्यावर गरागरा फिरवायचा आणि डबा उडवायचा, असा बेत.

त्याचा मित्र बसू कट्ट्यावर बसून मोजत होता, “एक... दोन... तीन... सोड!”

दगड उजवीकडून पुढे, पुढून डावीकडे, डावीकडून मागे असा फिरत होता. तो डब्याच्या अगदी समोर आला तेव्हा सिद्धूने मूठ उघडली. दगड डब्याकडे गेलाच नाही. डाव्या हाताला चार मीटरवर शेजारच्या काकूंच्या दारात, तिवईवर, नवाकोरा माठ होता. त्याचं पोट फुटलं.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे भरलेला माठ फुटला तर नुसत्या माठाचं नुकसान होत नाही. पुढची दहा मिनिटं काय झालं ते मी सांगत नाही. शेवटी सिद्धूचा आज्जा बाहेर आला, काकूंना माठाचे पैसे देतो म्हणाला, आणि मग कट्ट्यावर बसला.

“काय बे सिद्ध्या,” बसू हळूच म्हणाला, “डबा समोर, अन् दगड काकूच्या दारात?”

“मी समोरच सोडला होता,” सिद्धू रडकुंडीला आला. “आज्जा, शप्पथ. दगड डब्याच्या समोर होता तेव्हाच सोडला. दोरी तिकडंच ताणलेली होती. वाऱ्यानं गेला असंल.”

आज्जा जन्माने मंगळवेढ्याकडचा. काळ्या रानात ज्वारी, हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर बसून पाखरं हाकायची आणि हातात गोफण, यात त्याचं लहानपण गेलेलं. पुढे सोलापुरात येऊन आयुष्यभर मागावर उभा राहिला. तो म्हणाला, “वारा कुठाय? पान तरी हलतंय का? दगड समोर होता म्हणतोस ते खरंच असंल. पण समोर असताना तो कुणीकडं चालला होता?”

“म्हणजे?”

“दगड कुठं होता ते सांगितलंस. कुणीकडं जात होता ते सांग.”

सिद्धूने हवेत बोट फिरवलं. उजवीकडून पुढे, पुढून डावीकडे. बोट समोर आलं तिथे थांबलं. तिथे ते पुढे जात नव्हतं, डावीकडे सरकत होतं.

“डावीकडं,” तो म्हणाला. आणि लगेच, “पण मला ओढ तर बाहेर लागत होती! डब्याकडं!”

माझ्या वर्गात हे वाक्य आलं की मी खडू खाली ठेवायचो. ज्या वर्षी ते कुणी बोललं नाही, त्या वर्षी मुलांनी ‘स्पर्शिकेच्या दिशेने’ हे शब्द पाठ केले होते, एवढंच. ‘वारा नव्हता, दोरी निसटली नाही, तू बरोबर फिरवलंस’ असं आधी मान्य करा, म्हणजे मुलाला पळवाट राहत नाही आणि खरी शंका बाहेर येते. बसूचीही एक शंका आहे, ती पुढे येईल. ती जास्त चिवट असते.

आज्जाने वादावादी केली नाही. घरात पाणी भरायची अर्ध्या इंची रबरी नळी होती, ती त्याने आणायला लावली. अंगणातल्या शहाबादी फरशीवर ती नळी वाकवून त्याने पाऊण वर्तुळ केलं, साधारण दोन फूट रुंदीचं. पाव भाग मोकळा. नळी सरळ होऊ पाहते, म्हणून बाहेरून विटा लावल्या. मग मोकळ्या जागेपुढच्या फरशीवर चाळणीतून ज्वारीचं पीठ भुरभुरवलं, पांढरा पातळ थर बसेल इतकंच.

“ही गोटी,” आज्जा म्हणाला. “नळीच्या आतल्या अंगाला लावून जोरात ढकलायची. नळीला घासत ती गोल जाईल. नळी संपली की तिला अडवायला कुणी नाही. मग ती कुणीकडं जाईल? ढकलायच्या आधी खडूनं रेघ मारा. दोघांनीबी.”

सिद्धूने नळीच्या टोकापासून थेट बाहेर रेघ मारली, वर्तुळाच्या मध्यापासून लांब जाणारी. बसूने थोडा विचार केला आणि वाकडी रेघ काढली. त्याचं म्हणणं, गोटी इतका वेळ गोल फिरलीय, तिला गोल फिरायची सवय झालीय, ती थोडी तरी वळतच जाणार.

बसूची ही रेघ हसण्यासारखी नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना गोल वाकवलेल्या नळ्यांची चित्रं दाखवून हाच प्रश्न विचारला होता : नळीतून बाहेर पडलेली गोळी कुठे जाईल? बऱ्याच जणांनी वाकडी रेघ काढली, आणि त्यांतले काही जण भौतिकशास्त्र शिकलेले होते. वस्तूला गोल फिरण्याची सवय लागते ही समजूत पुस्तक वाचून जात नाही. म्हणून रेघ आधी मारून घ्यायची. नाहीतर गोटी गेल्यावर प्रत्येक मूल ‘मी हेच म्हणत होतो’ म्हणतं.

सिद्धूने गोटी ढकलली. ती नळीला घासत फिरली, मोकळ्या जागेशी आली आणि पिठात रेघ ओढत निघून गेली. तिघे वाकून बघायला लागले. रेघ सरळ होती. सिद्धूच्या रेघेसारखी बाहेर वळलेली नव्हती, बसूच्या रेघेसारखी आतही वळलेली नव्हती. नळीचं शेवटचं टोक ज्या दिशेला तोंड करून होतं, बरोबर त्याच दिशेला गेली होती.

त्यांनी पाचदा केलं. जोरात, हळू. एकदा आज्जाने नळीचा आणखी एक तुकडा आत वळवून मोकळी जागा दुसरीकडे काढली. प्रत्येक वेळी तेच.

“गोटीला गोल जायचं नव्हतंच,” बसू म्हणाला. “नळी तिला वळवत होती.”

“हां,” आज्जा म्हणाला. “मागावर काम करताना मीबी लई वर्षं हेच बघितलं. कुठली वस्तू आपणहून वळत नाही. वळायला लावावं लागतं, अन् लावायचं थांबलं की ती तोंड असंल तिकडं सरळ जाते.”

नळीचा हा प्रयोग घरी करणार असाल तर एक सांगतो. माझ्याकडे पहिल्या वर्षी गोटी दर वेळी जरा उजवीकडे वळायची आणि मुलं जिंकल्यासारखी ओरडायची. दोष फरशीचा होता. अंगणाला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. ते ओळखायचं असं : गोटी नुसती फरशीवर ठेवा, आपोआप घरंगळली तर जागा बदला. जागा बदलता येत नसेल तर नळीतून गोटी उलट्या दिशेने फिरवा. वळण उतारामुळे असेल तर फिरण्याची दिशा उलटली तरी गोटी उताराकडेच झुकेल. पिठाचा थर जाड झाला तर गोटी त्यात रुतून थांबते, आणि नळी गोटीपेक्षा फार जाड असली तर गोटी तिच्याखाली अडकते. बाकी काही बिघडत नाही.

आता गोष्टीतला अवघड भाग. इथपर्यंत बहुतेक शिक्षक येतात आणि थांबतात. दगड सरळ जातो हे दिसलं, पण हाताच्या ओढीचं काय? तुमच्या मुलाचं समाधान होत नाही ते इथेच.

सिद्धूचंही झालं नव्हतं. “आज्जा, गोटीचं पटलं. पण गोटी मी हातात धरली नव्हती. दगड मला ओढत होता, जोरात. मग सुटल्यावर ती ओढ गेली कुठं?”

आज्जाने दोरी त्याच्या हातात दिली आणि दुसरं टोक स्वतः धरलं. “ओढ.” सिद्धूने ओढलं. “आता मला काय लागतंय?”

“माझ्याकडं ओढ.”

“अन् तुला?”

“तुमच्याकडं.”

“दोरी एकच. ती दोन्ही टोकांना आपापल्या मधे ओढते. तू दगड फिरवत होतास तेव्हा तुझा हात एका टोकाला, दगड दुसऱ्या टोकाला. तुला ओढ बाहेर लागली. दगडाला कुणीकडं लागली?”

सिद्धू गप्प झाला. मग म्हणाला, “आत. माझ्या हाताकडं.”

“मग दगडाला बाहेर कोण ओढत होतं?”

“... कुणीच नाही.”

“दोरी सुटली, तुझ्या हाताची ओढ संपली, दगडाचीबी संपली. दोन्ही एकाच क्षणाला. उरला काय, तर दगडाचा वेग.”

पुस्तकात दगडावरच्या या आतल्या ओढीला अभिकेंद्री बल म्हणतात. बाहेरची ओढ हातावर आहे, दगडावर नाही, एवढं वाक्य मुलाच्या तोंडून आलं की निम्मं काम झालं. ओढ किती असते ते सिद्धूच्याच दोरीवर काढून दाखवा, मुलांना आकडा आवडतो. दोरी ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे एक फेरी सुमारे पाच मीटरची. सेकंदाला दोन फेऱ्या धरल्या तर दगडाचा वेग सेकंदाला दहा मीटर, ताशी छत्तीस किलोमीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की दगडाचं आतल्या बाजूचं त्वरण सुमारे १२६ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, पृथ्वीच्या ओढीच्या जवळजवळ तेरा पट. दगड पन्नास ग्रॅमचा असेल तर दोरीला साडेसहाशे ग्रॅम टांगल्याइतका ताण. पोराच्या बोटांवर वळ उठतात ते काही उगाच नाही.

पण सिद्धू असा सहजी सोडणारा नव्हता. रात्री जेवताना तो पुन्हा म्हणाला, “पण आज्जा, दगड सरळ गेला तरी माझ्यापासून लांबच गेला ना? म्हणजे बाहेर गेलाच की.”

आज्जाने भाकरी बाजूला ठेवली, हात धुतला आणि खडू घेऊन परत अंगणात आला. फरशीत एक खिळा उभा धरून ऐंशी सेंटिमीटरच्या दोरीने त्याने वर्तुळ काढलं. वर्तुळावर उजवीकडे एक फुली मारली. “इथं दोरी सुटली.” फुलीपासून पुढे, त्रिज्येला काटकोनात, त्याने सरळ रेघ ओढली.

“आता दोन दगड समज. एक सुटला, तो या रेघेवर चालला. दुसरा सुटलाच नाही, तो वर्तुळावर चालला. दोघांचा वेग सारखा. दोघांना पंचवीस सेंटिमीटर जाऊ दे.”

सरळ रेघेवर टेपने पंचवीस मोजले, ठिपका. वर्तुळावर दोरी वाकवून पंचवीस मोजले, ठिपका. दोन ठिपक्यांमधलं अंतर सिद्धूने मोजलं.

“चार सेंटिमीटर.”

“आता पन्नास जाऊ दे.”

पन्नासचे ठिपके मारले. “पंधरा,” सिद्धू म्हणाला. “सव्वापंधराच्या पुढं. दुप्पट लांब गेले तर अंतर चौपट झालं.”

“अन् सुटलेला दगड न सुटलेल्याच्या कुणीकडं आहे?”

सिद्धूने दोन्ही जोड्या बघितल्या. सुटलेला दगड न सुटलेल्याच्या बाहेरच्या बाजूला होता. जवळजवळ थेट बाहेर.

“म्हणजे मी बरोबर होतो?”

“तू दगडासंगं फिरत असतास, तर तुला तो बाहेरच गेलेला दिसला असता. पण फरशीवर बघ. दगड रेघ सोडून कुठं गेलाय का? रेघ सोडून गेलं ते वर्तुळ. रेघेवरनं दगडाला इतकं चार सेंटिमीटर, पंधरा सेंटिमीटर आत ओढून आणायचं, हेच दोरीचं काम. तिनं सोडलं, तो राहिला रेघेवर.”

या आकृतीवर घाई करू नका, गोष्टीचा सगळा जीव इथे आहे. पंचवीस सेंटिमीटर जायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो, पन्नासला विसावा. वेळ दुप्पट, अंतर चौपट, हा हिशोब हातातून सोडलेला दगड खाली पडतो त्याचाच आहे. म्हणजे फिरणारा दगड सतत हाताकडे ‘पडत’ असतो, सरळ रेघेपासून आत. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात फिरत्या गोफणीतल्या दगडाचं उदाहरण घेतलं आणि त्याच विचाराने चंद्राला हात घातला. चंद्र सेकंदाला सुमारे एक किलोमीटर जातो, आणि तेवढ्यात आपल्या सरळ रेघेपासून पृथ्वीकडे जेमतेम दीड मिलिमीटर पडतो. त्याच्या आधी देकार्तने १६४४ मध्ये गोफणीची आकृती काढून दगड सुटला तर सरळ रेघेत जाईल असं लिहिलं होतं, आणि त्याच पुस्तकात दगड केंद्रापासून दूर जाऊ पाहतो असंही. तुमच्या मुलाची शंका त्या जातीची आहे. फिरणाऱ्याच्या नजरेने ‘बाहेर’ आणि उभ्या माणसाच्या नजरेने ‘सरळ’, हा एकाच प्रवासाचा हिशोब दोन ठिकाणांहून लिहिलेला आहे. बाहेरचं सांगायला फिरणाऱ्याला एक वेगळं बल मानावं लागतं, त्याला अपकेंद्री म्हणतात. फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याची गरज पडत नाही. नववीत हा शब्द मुळीच काढला नाही तरी चालेल, असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशी सिद्धूला डबा उडवायचा होता. आज्जाने दगड काढून घेतला आणि फडक्यात मूठभर ज्वारी बांधून पुरचुंडी करून दिली.

“आता कुठं सोडणार?”

“डबा समोर आहे. म्हणजे पुरचुंडी पुढं जात असताना सोडायची. ती पुढं जाते उजवीकडं असताना. दोरी डब्याकडं नाही, उजव्या हाताला ताणलेली पाहिजे.”

“आम्ही गोफणीनं तसंच करायचो,” आज्जा म्हणाला. “गोफणीचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत. गोटा बाजूला असतानाच चिमटी सोडायची. पाखराच्या समोर आणून सोडला तर गोटा बांधावरच्या माणसाला लागंल.”

सिद्धूने फिरवलं, पुरचुंडी उजवीकडे दिसली, त्याने मूठ उघडली. पुरचुंडी डावीकडून त्याच्याच पाठीमागे गेली आणि कट्ट्याला आपटली. बसू हसून हसून खाली बसला.

“उजवीकडंच सोडली!” सिद्धू ओरडला.

“उजवीकडं दिसली तवा सोडायचं ठरवलंस,” आज्जा म्हणाला. “बोटं उघडेपर्यंत ती कुठल्या कुठं गेली.”

इथे मुलांचा सगळा सिद्धांतावरचा विश्वास उडतो, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं. डोळ्याने पाहून बोटं उघडायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. सेकंदाला दोन फेऱ्या असतील तर तेवढ्यात दगड वर्तुळाचा दोन पंचमांश भाग, म्हणजे १४४ अंश, पुढे गेलेला असतो. उजवीकडे पाहून सोडलेला दगड मागे जाणार हे त्या हिशोबातच आहे. गोफणवाला बघून सोडत नाही, तालावर सोडतो. पहिल्या दिवशी बसू एक-दोन-तीन मोजत होता म्हणूनच सिद्धूचा दगड त्याला हव्या त्या जागी सुटला. आणि ताल बसला तरी नेम अवघडच : सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक म्हणजे सात अंश, पाच मीटरवरच्या डब्यापासून दोन फूट बाजूला. फेऱ्या निम्म्या केल्या की ही चूकही निम्मी होते. मैदानावर करा, दगड वापरू नका, आणि बघणाऱ्यांनी वर्तुळाच्या मागेही उभं राहायचं नाही.

अजून एक. ‘सरळ’ म्हणजे गच्चीवरून खाली पाहिलं तर सरळ. बाजूने पाहिलं तर दगड खाली येतच असतो. डोक्यावरून सुटलेला दगड साधारण सहा दशांश सेकंदात जमिनीला लागतो, तेवढ्यात सहा मीटर जातो. हुशार मुलगा ‘पण तो तर वाकडा पडला’ म्हणेल. त्याला विचारा, डावीकडे-उजवीकडे वाकला का? नाही. खाली ओढणारी पृथ्वी आहे, बाजूला ओढणारं कुणी नाही.

सिद्धूने फेऱ्या कमी केल्या. बसूने मोजायला घेतलं. सहाव्या की सातव्या फेकीला पुरचुंडी डब्याच्या कडेला लागली, डबा जरा हलला, पडला नाही. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी धार लावणाऱ्याची हाक आली. काकू आपली विळी घेऊन बाहेर आल्या, सिद्धूकडे बघितलं नाही. धारवाल्याने सायकल स्टँडला लावली, पायडल मारायला सुरुवात केली आणि विळीचं पातं फिरत्या दगडी चाकाच्या माथ्यावर टेकवलं. ठिणग्या निघाल्या.

सिद्धू फेकायचं थांबला. ठिणग्या चाकाच्या अगदी वरच्या भागातून सुटत होत्या, पण वर जात नव्हत्या. आडव्या, फरशीला समांतर, समोर चालल्या होत्या.

“बसू,” तो म्हणाला, “माथ्यावर चाक कुणीकडं चाललंय बघ.”

बसूने बघितलं. मग दोघेही धारवाल्याजवळ जाऊन उकिडवे बसले.

“काका, पातं चाकाच्या पुढच्या बाजूला टेकवा ना. तिथं चाक खाली चाललंय, ठिणग्या खाली पडतील.”

“पडतील की, माझ्या पायावर,” धारवाला म्हणाला. “सरक मागं.”